सकाळ जुळली, संध्याकाळ अडली : बुटीबोरीच्या एका कार्यालयातील कारपूल आणि शटलचे प्रकरण

हे प्रकरण नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी उद्योगाचे आहे. त्याच्या प्रवास समितीसोबत मी २०२४ मध्ये वाहतूक सल्लागार म्हणून काम केले. कंपनी, तिने वापरलेले अ‍ॅप आणि त्यातील माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र जशी होती तशीच मांडली आहेत.

पार्श्वभूमी

बुटीबोरी शहराच्या दक्षिणेला, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. वर्धा रोडवरील छत्रपती चौकापासून या कंपनीचे फाटक सुमारे २५ किलोमीटरवर येते. जरीपटका किंवा मानकापूरकडून येणाऱ्यांना त्यात आणखी दहा-बारा किलोमीटर शहरातले पार करावे लागतात. कंपनीची स्वतःची बस होती, पण ती कारखान्याच्या पाळीशी बांधलेली होती. ती सकाळी साडेआठला पोहोचे आणि संध्याकाळी साडेपाचला निघे. डिझाइन, खरेदी, लेखा आणि विक्री विभागांची वेळ साडेनऊ ते सहा अशी झाल्यापासून या विभागांतील ५२ जणांना ती बस उपयोगाची राहिली नव्हती.

या ५२ पैकी ३१ जण दुचाकीने आणि १४ जण स्वतःच्या कारने येत, तर उरलेले एसटी, शेअर ऑटो किंवा ओळखीच्या गाडीने येत. महामार्गावर मालट्रकांची रांग सतत असते आणि मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. पावसाळ्यात ट्रकांच्या चाकांतून उडणारे पाणी दुचाकीस्वाराच्या चेहऱ्यावर येते. २०२४ च्या पावसाळ्यात दोन सहकारी एकाच आठवड्यात घसरून पडले. दुखापती किरकोळ होत्या, पण त्यानंतर व्यवस्थापनाने मनुष्यबळ विभागातील एक अधिकारी, दोन कर्मचारी प्रतिनिधी आणि सुरक्षा अधिकारी यांची समिती नेमली. ऑगस्टपासून सहकाऱ्यांनी एकमेकांच्या गाडीतून यावे, असा प्रस्ताव तिने मांडला.

अडचण

वरवर पाहता हिशेब सोपा होता. चौदा कारमध्ये चालकासह चार जण बसले तर ५६ जागा होतात आणि माणसे ५२ आहेत. सर्वांचे गंतव्य एक आणि सकाळी पोहोचण्याची वेळही एक. कारपूल जुळण्यासाठी याहून अनुकूल स्थिती क्वचितच मिळते. सार्वजनिक कारपूल अ‍ॅप बहुधा अडते ते एकाच दिशेला, एकाच वेळी जाणारी पुरेशी माणसे त्यावर नसतात म्हणून, आणि इथे तो प्रश्नच नव्हता.

तरीही आधीचा अनुभव चांगला नव्हता. वर्षभरापूर्वी एका वरिष्ठ अभियंत्याने हौसेने व्हॉट्सअ‍ॅप गट काढला होता. रोज रात्री ‘उद्या कोण येतंय?’ असा संदेश पडे, सहा-सात उत्तरे येत, आणि कोणाची जागा कोणत्या गाडीत हे सकाळी फोनवरूनच ठरे. पैशांचा विषय कोणी काढत नसे, त्यामुळे गाडीवाल्यांना संकोच वाटे आणि बसणाऱ्यांना ओशाळे. दोन-तीन महिन्यांत तो गट वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता उरला. जागा नोंदवण्याचा नियम नाही आणि दर ठरलेला नाही, एवढ्या दोन उणिवांनी तो बंद पडला, असे समितीचे मत होते. माझ्या मते ते अर्धेच बरोबर होते. त्या गटातही लोकांनी आधी संध्याकाळचे उत्तर देणे सोडले होते. ही गोष्ट जुने संदेश चाळल्यावर स्पष्ट दिसते, पण त्या वेळी कोणी ते चाळले नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

समितीपुढे चार पर्याय होते. पहिला, कंपनीच्या बसची दुसरी फेरी. तिचा खर्च मोठा होता आणि मानकापूरपासून निघणारी बस शहरातून फिरत येताना पहिल्या थांब्यावरील माणसाला दीड तास बसवून ठेवते, हे जुन्या फेरीवरून ठाऊक होते. दुसरा, कोणालाही उघडे असलेले सार्वजनिक कारपूल अ‍ॅप. तिसरा, तशाच अ‍ॅपमधील बंद गट, ज्यात कार्यालयाच्या ईमेलवरून पडताळणी झालेल्या सहकाऱ्यांनाच प्रवेश मिळतो. चौथा, एखाद्या वाहतूक कंत्राटदाराकडून शटल आणि त्यासोबत जागा आरक्षणाचे अ‍ॅप.

उघड्या अ‍ॅपला महिला सहकाऱ्यांनी सुरुवातीलाच नकार दिला. महामार्गावर अनोळखी माणसासोबत रोज अर्धा तास बसण्याची तयारी त्यांच्यापैकी कोणाचीही नव्हती, आणि तो नकार समितीने चर्चेविना मान्य केला. शटलचा खर्च ‘आधी कारपूल चालतो का पाहू’ या कारणाने पुढे ढकलला गेला. उरला तो बंद गटाचा पर्याय, आणि तोच निवडला गेला. ही निवड चुकीची नव्हती. शटल आणि कारपूल यांपैकी एकच निवडायचे आहे, हे गृहीतक मात्र नंतर महागात पडले.

पहिला निर्णय : दर किती ठेवायचा

अ‍ॅपमध्ये प्रत्येक जागेला प्रति किलोमीटर दर ठरवता येतो आणि त्यात आधीपासून चार रुपये भरलेले होते. समिती तोच दर ठेवण्याच्या बेतात होती, तेव्हा आम्ही कागदावर एक साधा हिशेब केला.

छत्रपती चौकापासून जाऊन-येऊन ५० किलोमीटर होतात. १५ किलोमीटर प्रति लिटर देणाऱ्या पेट्रोल कारला सुमारे ३.३ लिटर इंधन लागते, आणि लिटरला १०४ रुपये धरले तर दिवसाचा खर्च ३४७ रुपयांच्या जवळ जातो. चार रुपयांच्या दराने एका सहप्रवाशाचे दिवसाला २०० रुपये होतात आणि तिघांचे ६००. म्हणजे गाडीवाल्याला इंधनाच्या खर्चावर अडीचशे रुपये उरतात. दुसऱ्या बाजूने, ४५ किलोमीटर प्रति लिटर देणाऱ्या दुचाकीला त्याच अंतरासाठी सुमारे ११६ रुपयांचे पेट्रोल लागते. अर्थात ज्या ३१ दुचाकीस्वारांसाठी सारा खटाटोप चालला होता, त्यांना चार रुपयांचा दर रोज ८४ रुपयांनी महाग पडणार होता. मोठ्या महानगरांत कारपूलची तुलना लोक टॅक्सीच्या भाड्याशी करतात, म्हणून तिथे असा दर स्वस्त वाटतो. नागपुरात तुलना दुचाकीशी होते, आणि दर त्या हिशेबानेच ठरायला हवा.

कायद्याची बाजू याच हिशेबाला जोडलेली होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार प्रवासी वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाला परवाना लागतो, आणि पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. खासगी कारच्या विमा पॉलिसीतही भाडे किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२० च्या अ‍ॅग्रिगेटर मार्गदर्शक सूचनांनी राज्याने मनाई केली नसेल तर खासगी गाडीतील सामायिक प्रवासाला वाट दिली होती. शहरांतर्गत दिवसाला चार फेऱ्यांची मर्यादा त्यातच घातलेली होती. पण या सूचना अ‍ॅप चालवणाऱ्या परवानाधारक कंपन्यांसाठी होत्या. त्यांच्या आधारावर एखाद्या कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांकडून नफा मिळवणे सुरक्षित ठरते, असे मी कोणालाही सांगणार नाही. गाडीवाल्याच्या हाती खर्चापेक्षा जास्त रक्कम पडत असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला ‘हे भाडे होते’ असे म्हणायला जागा मिळते.

म्हणून दर दोन रुपये ठरला आणि सहप्रवाशांची संख्या तिघांवर थांबवली. तिघांकडून दिवसाला ३०० रुपये जमा होतात. इंधनाचे उरलेले ४७ रुपये आणि टायर, ऑइल, सर्व्हिसिंग हा सारा भार गाडीवाल्याकडे राहतो. तो स्वतःही खर्चाचा वाटेकरी आहे, हे अशा आकड्यांतून निर्विवाद दिसते. सहप्रवाशाला दिवसाला १०० रुपये पडतात, म्हणजे दुचाकीपेक्षा थोडे कमी. दोन्ही बाजूंना पटणारी जागा एवढीच अरुंद होती.

पैसे अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये न ठेवता सहप्रवाशाने आठवड्याच्या शेवटी गाडीवाल्याला थेट यूपीआयने द्यावेत, असेही ठरले. लोकांचे पैसे वॉलेटमध्ये साठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कारपूल अ‍ॅपचे वॉलेट अशा मान्यतेविना चालत असल्याचा जाहीर इशारा बँकेने दिला होता. ती बातमी लेखा विभागातील मॅडमनी बैठकीत काढली आणि विषय तिथेच मिटला.

दुसरा निर्णय : कोणती गाडी चालेल

नोंदणीसाठी चौदा कारमालकांपैकी नऊ जण पुढे आले. वाहन चालवण्याचा परवाना, पीयूसी आणि नोंदणीपत्र अ‍ॅपवर चढवणे सोपे होते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मात्र विमा पॉलिसीची प्रतही मागितली आणि तिचे पहिले पान नीट वाचले. दोघांकडे केवळ तृतीय पक्ष विमा होता. अशा पॉलिसीत खासगी कारमधील सहप्रवाशांची जोखीम येत नाही. पॅकेज पॉलिसीत ती येते, हे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. त्या दोघांनी पॉलिसी बदलेपर्यंत त्यांच्या गाड्या गटात घेतल्या नाहीत. अ‍ॅप पॉलिसीची अंतिम तारीख तपासते, पण प्रकार तपासत नाही, म्हणून हे काम माणसानेच करावे लागते. एकाने आठवडाभरात पॉलिसी बदलली, दुसऱ्याने गटात येण्याचा विचार सोडला. अशा रीतीने आठ गाड्या उभ्या राहिल्या.

सुरुवात आणि थांब्यांचा घोळ

ऑगस्टच्या मध्याला सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यातील तक्रारी जवळजवळ सगळ्या वर्धा रोडवरील थांब्यांच्या होत्या. अजनीकडून विमानतळाकडे जाताना हा रस्ता तीन पातळ्यांवर चालतो. खाली जुना रस्ता, त्यावर वाहनांचा उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. अ‍ॅपच्या नकाशाला अक्षांश-रेखांश कळतात, उंची कळत नाही. त्यामुळे उज्ज्वलनगरच्या थांब्यावर खाली उभ्या असलेल्या माणसाला पडद्यावर गाडी अगदी शेजारून जाताना दिसे, आणि प्रत्यक्षात ती डोक्यावरच्या पुलावरून निघून गेलेली असे. जुळणी करणाऱ्या प्रणालीच्या लेखी मात्र दोघांचा मार्ग पूर्णपणे एकच होता.

उपाय म्हणून नकाशावर कोणीही कुठेही थांबा टाकण्याची मुभा बंद केली आणि पाच थांबे कायम केले. त्यांतील एकही पुलाच्या पट्ट्यात नव्हता. मनीषनगर आणि बेसा भागातील माणसे पूल उतरल्यानंतरच्या थांब्यावर येऊ लागली. जरीपटका, मानकापूरच्या चौघांसाठी मेट्रोने खापरीपर्यंत यायचे आणि तिथून गाडीत बसायचे अशी सोय केली. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज मार्गिका डिसेंबर २०२२ पासून सलग सुरू असल्याने हे शक्य झाले, आणि उत्तर नागपुरात एकही गाडी वळवावी लागली नाही. खापरीचा थांबा केवळ चौघांसाठी निवडला होता, पण पुढे सारी व्यवस्था त्याच थांब्यावर उभी राहिली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सकाळी रोज पंचवीसच्या आसपास माणसे गाड्यांमधून येत होती. अ‍ॅपच्या अहवालात पूर्ण झालेल्या फेऱ्यांचा आलेख चढता होता. व्यवस्थापनाने समितीचे अभिनंदन केले.

संध्याकाळ कशी अडली

सप्टेंबरच्या शेवटी आलेख सपाट झाला आणि ऑक्टोबरमध्ये उतरू लागला. अहवाल सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या एकत्र मोजत होता. त्या वेगळ्या काढल्यावर दिसले की संध्याकाळची संख्या आधी घसरली होती आणि सकाळची त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. हा क्रम नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या माणसाला संध्याकाळी गाडी मिळेल की नाही याची खात्री नसते, तो सकाळी गाडीत बसत नाही. परतण्यासाठी दुचाकी हवी, तर ती सकाळीच आणावी लागते. म्हणून संध्याकाळची एक चुकलेली फेरी थोड्या दिवसांनी सकाळचीही फेरी बुडवते, आणि अहवालात मात्र सकाळच बिघडल्यासारखी दिसते.

संध्याकाळ का चुकत होती, याचे उत्तर हजेरी यंत्रात होते. सकाळी सर्वजण साडेनऊच्या आत येत. संध्याकाळी साधारण माणूस आठातील एका दिवशी सहानंतर पंधरा मिनिटांहून अधिक थांबे. कोणाचा ग्राहकाशी फोन लांबे, कोणाचा माल फाटकावर अडे. आठात एक हे प्रमाण एकट्यापुरते किरकोळ आहे. पण गाडीत चार जण असतात, आणि ती वेळेवर निघण्यासाठी चौघेही मोकळे असावे लागतात. चार सात-अष्टमांशांचा एकमेकांशी गुणाकार केला की उत्तर ०.५९ येते, म्हणजे शंभरातील ४१ संध्याकाळी कोणी ना कोणी अडकलेला असतो. महिनाअखेरीस प्रत्येकी चारात एक दिवस उशीर होत होता. तेव्हा चौघेही मोकळे असण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाते. गाडी जितकी भरलेली, तितका उशीर अधिक, आणि दर परवडण्यासाठी गाडी भरलेली असणे तर आवश्यक होते.

समितीने ‘पाच मिनिटे थांबावे, मग निघावे’ असा नियम केला. गाडीवाल्यांच्या दृष्टीने तो न्याय्य होता. ऑक्टोबरमध्ये खरेदी विभागातील एक ताई पुरवठादाराच्या कागदपत्रांसाठी थांबल्या. गाडीवाल्या सरांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही निघा, मी येते कशीतरी.” सर निघाले, आणि नियमानुसार त्यांनी काहीही गैर केले नव्हते. सव्वासातला त्या फाटकाबाहेर पडल्या. वसाहतीतील अंधाऱ्या अंतर्गत रस्त्यावरून बुटीबोरी चौकापर्यंत जाण्यासाठी ऑटो मिळेना. शेवटी दुसऱ्या पाळीच्या सुरक्षारक्षकाने त्यांना चौकात सोडले आणि तिथून एसटीने त्या नागपूरला आल्या. त्यांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्कूटरने आल्या. पुढील दोन आठवड्यांत गटातील अकरा महिलांपैकी सात जणी अ‍ॅपवर दिसेनाशा झाल्या. कोणाच्याही बाहेर पडण्याचे कारण अ‍ॅपवर नोंदलेले नव्हते, कारण अ‍ॅप ते विचारत नव्हते.

तिसरा निर्णय : परतीची हमी कोणी द्यायची

नोव्हेंबरच्या बैठकीत तीन सूचना आल्या. थांबण्याची वेळ पाचावरून वीस मिनिटे करावी, ही पहिली. तिने उशिराचा भार अडकलेल्या एकावरून उरलेल्या तिघांवर गेला असता, आणि घरी लहान मुले असलेल्या गाडीवाल्यांनी ती साफ नाकारली. दुसरी, मागे राहिलेल्याला कंपनीने टॅक्सी करून द्यावी. ही कल्पना चांगली होती, पण हजेरीच्या आकड्यांनुसार रोज तीन-चार जण मागे राहणार होते आणि ते वेगवेगळ्या वेळी निघणार होते. बुटीबोरीहून शहरात रोज तीन-चार टॅक्सींचा खर्च कोणी मंजूर केला नसता. तिसरी सूचना ठरावीक वेळी सुटणाऱ्या शटलची होती.

कारपूल आणि शटल यांतील फरक या बैठकीत प्रथमच स्पष्टपणे बोलला गेला. कारपूलमध्ये एकाचा उशीर सर्वांचा होतो. शटल मात्र कोणासाठी थांबत नाही. ज्याला उशीर झाला तो पुढची फेरी घेतो आणि इतर वेळेवर निघतात. सकाळी सर्वांची वेळ एक असल्याने कारपूलचा हा दोष झाकला जातो. संध्याकाळी तो उघडा पडतो. तेव्हा दोन्ही वेळांना एकच साधन लावण्याचे कारण नाही, असे मी समितीला सांगितले.

सतरा आसनांची एक टेम्पो ट्रॅव्हलर, पिवळ्या नंबरप्लेटची आणि कंत्राटी परवान्याची, केवळ संध्याकाळसाठी ठरवली. तिला घरोघरी न पाठवता फक्त खापरी मेट्रो स्थानकापर्यंत न्यायचे ठरले. या एका गोष्टीने खर्च आटोक्यात आला. कंपनीपासून खापरी अर्ध्या तासाच्या आत येते, त्यामुळे तीच गाडी सव्वासहाची फेरी सोडून परत येऊन साडेसातची दुसरी फेरी करू शकते. शहरात नेली असती तर सायंकाळच्या गर्दीत एकच फेरी झाली असती. महिन्याचे भाडे बसच्या दुसऱ्या फेरीच्या अंदाजाहून निम्म्याच्या जवळ आले. प्रवाशाकडून फेरीला वीस रुपये घ्यायचे आणि बाकी कंपनीने द्यायचे, असे ठरले. साडेसातनंतर थांबणाऱ्यासाठी कंपनीची टॅक्सी ठेवली आणि ती विभागप्रमुखाच्या मंजुरीशिवाय, थेट सुरक्षा कक्षातून मागवता येईल असे केले. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात महिलांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवण्यासाठी संमती आणि सुरक्षेच्या अटी आहेत. हे कार्यालय त्या वेळेपर्यंत चालत नव्हते. तरीही ‘कायद्याने बंधन साडेनऊनंतरच आहे’ हा युक्तिवाद टॅक्सीविरुद्ध वापरायचा नाही, असे मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी बैठकीतच बजावले, आणि ते मला फार योग्य वाटले.

अ‍ॅपमध्ये बदल एवढाच झाला की रोज पावणेसहापर्यंत प्रत्येकाने ‘गाडी’ किंवा ‘शटल’ यांपैकी एक निवडायचे. शटलची जागा आरक्षित करून न येणाऱ्याला आठवड्यात दुसऱ्यांदा तसे केल्यास पुढील आठवडाभर प्रतीक्षा यादीत टाकायचे. शटलचे थेट ठिकाण पहिल्या काही दिवसांत वारंवार गोठत असे. चालकाच्या फोनची बॅटरी वाचवणारी सोय अ‍ॅपला पार्श्वभूमीत बंद करत होती. ती सोय त्या अ‍ॅपपुरती काढल्यावर आणि फोन गाडीच्या चार्जरला कायम जोडल्यावर हा त्रास थांबला.

परिणाम

शटल डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. मार्चअखेरीस सकाळच्या गाड्यांमध्ये पुन्हा पंचवीसच्या वर माणसे होती, आणि या वेळी ती संख्या टिकली. दुचाकीने येणारे ३१ वरून १२ वर आले. गट सोडलेल्या सात महिलांपैकी सहा परतल्या. टॅक्सी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच लागली. ती उपलब्ध आहे हे ठाऊक असल्यामुळे लोक निश्चिंतपणे सकाळी गाडीत बसत होते, आणि प्रत्यक्षात बहुतेकांना शटल पुरत होती.

सर्व काही सुरळीत झाले असे नाही. संध्याकाळी शटल निवडणारे वाढल्याने गाडीवाल्यांना परतीला तीनऐवजी सरासरी दोनच सहप्रवासी मिळू लागले. त्यांच्या हिश्श्याचा खर्च वाढला आणि एका गाडीवाल्याने त्याच कारणाने गट सोडला. संध्याकाळचा दर वाढवून ही भरपाई करावी अशी मागणी आली, पण दुचाकीशी तुलना पुन्हा बिघडली असती, म्हणून ती नाकारली गेली. त्याऐवजी नोंदणीकृत गाड्यांना फाटकाच्या आतील छपराखालची जागा राखून दिली. जामठ्याच्या मैदानावर क्रिकेट सामना असतो त्या दिवशी महामार्ग भरून जातो आणि साडेसातच्या फेरीची खात्री देता येत नाही. अशा दिवसांसाठी दुसरी गाडी भाड्याने घ्यावी लागते.

वेगळे काय करता आले असते

हजेरी यंत्राची नोंद पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. जुलैमध्ये समितीने कर्मचाऱ्यांना विचारलेल्या प्रश्नावलीत ‘तुम्ही किती वाजता निघता?’ असा प्रश्न होता आणि जवळजवळ सर्वांनी ‘सहा’ असे उत्तर दिले होते. लोक खोटे बोलले नव्हते, त्यांनी ठरलेली वेळ सांगितली होती. रोज किती वेळा ती पाळली जाते हे माणसाला आठवत नाही, यंत्राला आठवते. महिन्याभराची नोंद काढून वरचा गुणाकार सुरुवातीलाच केला असता, तर ऑक्टोबरमध्ये जे घडले ते ऑगस्टमध्येच कागदावर दिसले असते.

दुसरी गोष्ट क्रमाची. परतीची हमी कारपूल चालू लागल्यावर द्यायची नसते, ती त्याच्या आधी द्यावी लागते. अगदी पहिल्या महिन्यात शटल परवडत नसेल तर निदान महिन्याला माणशी दोन टॅक्सी फेऱ्यांची हमी तरी देता आली असती. वापर पाहून शटलचा निर्णय सहा आठवड्यांत झाला असता, आणि विश्वास गमावून तो परत मिळवण्याचे काम करावे लागले नसते. तोपर्यंत दुचाकीकडे परतलेल्यांपैकी काही जण शेवटपर्यंत परत आले नाहीत, याची मला खंत वाटते, कारण तेच रोज ट्रकांच्या रांगेतून जाणारे होते.

तिसरी, अहवालाची. एकूण फेऱ्यांऐवजी ‘सकाळी गाडीने आलेल्यांपैकी किती जण संध्याकाळी ठरल्या साधनाने परतले’ हे एकच प्रमाण दर आठवड्याला पाहिले असते, तर घसरण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आली असती. आता समिती तेच पाहते. दहात नऊच्या खाली ते गेले की मागे राहिलेल्या प्रत्येकाला मनुष्यबळ विभागातून फोन जातो आणि कारण लिहून घेतले जाते.

शटलचा करार सहा-सहा महिन्यांचाच ठेवला आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात ऑरेंज मार्गिका पुढे बुटीबोरी औद्योगिक वसाहतीपर्यंत जाणार आहे. ती सुरू झाली की शटलला खापरीला जाण्याचे कारण उरणार नाही, आणि वसाहतीतील स्थानक ते फाटक एवढ्याच छोट्या फेऱ्यांसाठी लहान गाडी पुरेल. तोपर्यंत महिन्याच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवशी पावणेनऊची तिसरी फेरी सुरू करायची की त्या दिवशी टॅक्सीच वाढवायच्या, हा प्रश्न समितीच्या पुढील बैठकीत आहे. लेखा विभागाने तिसऱ्या फेरीसाठी नऊ जणांची यादी दिली आहे.